मॅट वॉलपेपरवरचा तेलाचा डाग: चकाकी येऊ न देता आणि जोड सुटू न देता कसा काढायचा

पलंगाच्या उशाशी, बसल्यावर डोकं जिथे भिंतीला टेकतं त्या उंचीवर, वॉलपेपरवर एक गडद, ओलसर दिसणारा गोल उमटतो. रात्री खोबरेल तेल लावून भिंतीला टेकून बसायची सवय असलेल्या घरांत हा डाग ठरलेलाच. सोफ्यामागे तो होतो, लहान मुलांच्या खोलीत थोडा खाली होतो, स्विचबोर्डच्या कडेला बोटांचा होतो. वॉलपेपर लावायचं काम करताना मला हे डाग सतत दिसतात, आणि त्यांच्याइतकेच ते काढायच्या नादात झालेले घोळही दिसतात. घोळ दोनच प्रकारचे असतात. एकतर डागाच्या जागी चकचकीत ठिपका येतो, जो दिवा लावला की दारातूनही दिसतो. नाहीतर जवळचा जोड सुटतो आणि पट्ट्याची कड उचलली जाते. तेल हळूहळू काढता येतं, सुटलेला जोड पुन्हा चिकटवता येतो, पण घासून गुळगुळीत झालेला मॅट पृष्ठभाग पुन्हा मॅट होत नाही. म्हणून हे काम कोरडं सुरू करायचं, पाणी शेवटी आणि कमीत कमी वापरायचं, आणि घासायचं कुठेच नाही.

चकाकी येते कुठून

मॅट वॉलपेपर मॅट दिसतो कारण त्याचा पृष्ठभाग बारीक खडबडीत असतो. त्यावर पडलेला उजेड चहूकडे विखुरतो. ते खडबडीतपण भरलं गेलं किंवा सपाट झालं की उजेड एकाच दिशेला परततो आणि ती जागा चमकते. भरलं गेलं असेल तर उपाय आहे, सपाट झालं असेल तर नाही. एवढा फरक लक्षात ठेवला तर चकाकी दिसल्यावर काय करायचं ते आपोआप कळतं.

खोलीतला दिवा बंद करा, पडदा ओढा आणि मोबाइलचा टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून डागावर तिरका उजेड पाडा. समोरून पाहिलं तर सगळंच सारखं दिसतं, तिरक्या उजेडात मात्र तीन वेगळ्या गोष्टी दिसतात. चमकणारी जागा गडदही असेल आणि तिच्या कडा विरघळल्यासारख्या धूसर असतील, तर तिथे तेल अजून बाकी आहे. जागा फिकट असून तिच्यावर पुसल्याचे फराटे किंवा वाळलेल्या थेंबाच्या कडा दिसत असतील, तर तो साबणाचा थर आहे आणि साध्या पाण्याच्या फडक्याने तो निघतो. रंग आजूबाजूसारखाच आहे, पण पोत हरवलाय, बोट फिरवल्यावर तेवढीच जागा गुळगुळीत लागते, तर तिथला पृष्ठभाग घासला गेलाय. तिथे हात थांबवायचा. आणखी पुसलं की ठिपका फक्त मोठा होतो.

पांढरा मेलामाइन स्पंज, जो 'जादूचा स्पंज' म्हणून विकला जातो, तो इथे हमखास नुकसान करतो. हाताला मऊ लागतो, पण तो मुळात अतिशय बारीक पॉलिश पेपर आहे. डाग जातो, सोबत मॅटपणाही जातो. खायचा सोडा लावून घासलं तरी तेच, वर पांढरी झाक राहते ती वेगळी. भांड्यांच्या वडीत घासण्यासाठी घातलेली भुकटी असते, त्यामुळे वडी नको. हँड सॅनिटायझर, नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर यांनी छपाईचा रंग उतरू शकतो, विशेषतः हल्ली फोटो देऊन छापून घेतात त्या वॉलपेपरचा. व्हिनेगरचा तेलावर काहीच उपयोग होत नाही. आणि बाळांचे ओले वाइप्स निरुपद्रवी वाटले तरी त्यातलं लोशन वाळून थर बसतो.

जोड का सुटतो

आपल्याकडे सर्वसाधारण रोल 53 सेंटिमीटर रुंद आणि 10 मीटर लांब येतो. म्हणजे दर एकवीस इंचांवर एक जोड. सहा फुटी पलंगाच्या मागे तीन जोड तरी येणारच, आणि डाग त्यांपैकी एखाद्याच्या जवळ असण्याची शक्यता भरपूर.

पट्टे भिंतीवर धरून ठेवते ती खळ, आणि ती पाण्यात मळलेली असते. वाळल्यावर ती कडक होते, पण पुन्हा पाणी लागलं की पुन्हा मऊ पडते. पट्ट्याच्या मधल्या भागात, वरून व्हिनाइलचा थर असेल तर पाणी खळीपर्यंत पोचत नाही. जोडाच्या फटीतून मात्र थेट पोचतं. तिथली खळ सैल होते, कागदाची कड पाणी पिऊन फुगते, आणि वाळताना आखडून वर वळते. त्यातच कोणी जोडाला आडवं पुसलं की फडकं कडेत अडकतं आणि ती उचकटते. गरम इस्त्री आणि वाफेने हेच आणखी लवकर होतं. घरोघरी वॉलपेपर काढायचा असतो तेव्हा आम्ही ओलावा आणि वाफच वापरतो, यावरून अंदाज घ्या.

पावसाळ्यात हे काम शक्यतो टाळा. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरच्या भिंती ओल धरून असतात, खळ आधीच सैल असते आणि पुसलेली जागा लवकर वाळत नाही. तेव्हा खाली सांगितलेलं कोरडं काम उरकून घ्या, ओलं काम दिवाळीच्या साफसफाईला ठेवा.

आधी कागद ओळखा

उरलेला रोल किंवा त्याचं वेष्टन जपून ठेवलं असेल तर त्यावर पाण्याच्या लाटांची खूण शोधा. एकच लाट असेल तर तो कागद धुण्याचा नाही, लावताना वर आलेली ओली खळ टिपता येईल एवढीच त्याची तयारी. दोन किंवा तीन लाटा असतील तर साबणपाण्याच्या फडक्याने नेहमीचा मळ निघतो, पण तेलाचं आश्वासन त्यात धरू नका. लाटांसोबत ब्रशचं चित्र असेल तर तो सगळ्यांत टणक.

खूण नसेल तर कपाटामागे किंवा पडद्याआड एक परीक्षा घ्या. बोटाने पाण्याचा एक थेंब ठेवा आणि मिनिटभर पाहा. थेंब गोल बसून राहिला तर वर व्हिनाइलचा थर आहे. कागद गडद होऊन थेंब आत गेला तर तो साधा कागद आहे, आणि मग तुमच्यासाठी फक्त कोरडी पद्धत. तिथेच पांढरं ओलसर फडकं हलकेच दाबून पाहा, रंग फडक्यावर आला तर पाणी अजिबात नको. बोटाच्या टोकाने पृष्ठभाग दाबूनही पाहा. नक्षी फुगीव असेल आणि दाबल्यावर थोडी दबून परत वर येत असेल, तर तो फेसाळ व्हिनाइल आहे. त्याला उष्णता लावायची नाही, नक्षी बसते आणि बसलेली उठत नाही.

कोरडं काम: तेल बाहेर ओढणं

लागणारं सामान घरातच असतं: पांढरं कॉर्नफ्लॉर, साधे पांढरे टिश्यू (छापील नक्षीचे नकोत, रंग लागतो), पावडर लावायचा पफ किंवा कापसाचा मोठा बोळा, आणि मऊ केसांचा रंगकामाचा ब्रश. मुलतानी माती तेल छान शोषते, पण तिचा पिवळसर रंग फिक्या कागदाच्या पोतात बसतो. टाल्कम पावडर चालते, पण नंतर ती झटकून काढायला कॉर्नफ्लॉरपेक्षा जास्त वेळ लागतो असा माझा अनुभव आहे.

सुरुवात धूळ झटकण्यापासून. तेलाच्या जागी धूळ चिकटते आणि डाग जो काळा दिसतो तो बराचसा त्या धुळीने. कोरड्या ब्रशने वरून खाली, वजन न देता झटका.

नंतर टिश्यूची चार पदरी घडी डागावर ठेवून तळहात सपाट दाबून धरा. अर्धा मिनिट धरा, टिश्यू काढा, घडी उलटून कोरडी बाजू लावा. पुसायचं नाही, सरकवायचं नाही. टिश्यूवर पारदर्शक ठिपका उमटतो, तेच तुमचं निघालेलं तेल. ठिपका उमटायचा थांबेपर्यंत हे करत राहा.

खोबरेल तेलाच्या बाबतीत एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. ते साधारण 24 अंशांच्या खाली थिजतं आणि वर पातळ होतं. म्हणजे उन्हाळ्यात ते टिश्यूत आपोआप येतं, आणि थंडीत नुसत्या तळहाताच्या उबेनेही वितळतं. इस्त्रीची गरज बहुतेक वेळा पडत नाही. हात गार असतील तर केस वाळवायचं मशीन सर्वांत कमी उष्णतेवर ठेवून टिश्यूवर, वीतभर अंतरावरून, काही सेकंद फिरवा आणि मग दाबा. वारा जोडाच्या दिशेने नको.

आणखी एक: खोबरेल तेल वाळून घट्ट होत नाही. त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांचा डागही टिश्यूत उतरतो. फोडणीच्या तेलाचं तसं नसतं, त्याबद्दल पुढे सांगतो. आवळ्याचं किंवा कुठलंही रंगीत केसतेल असेल तर तेल निघाल्यावरही त्यातला हिरवा-पिवळा रंग मागे राहू शकतो, आणि तो कॉर्नफ्लॉरने जात नाही.

आता कॉर्नफ्लॉर. उभ्या भिंतीवर पीठ टिकणार कसं, हा प्रश्न सगळे विचारतात. पफवर पीठ घेऊन डागावर थापायचं, म्हणजे हलकेच टपटप करत बसवायचं. तेलकट जागा ते स्वतः धरून ठेवते, कोरड्या जागेवरचं खाली पडतं. खाली वर्तमानपत्र पसरून ठेवा. पहिला थर बसला की दुसरा थापा, आणि वर टिश्यूची घडी ठेवून त्यावर उशी टेकवून ठेवा. चिकटपट्टी लावून टिश्यू धरून ठेवू नका, काढताना छपाई सोबत येते. तासाभराने उशी काढा, ब्रशने पीठ खाली झटका. झटकलेलं पीठ गुठळ्यांसारखं, किंचित पिवळट असेल तर ते काम करतंय. पुन्हा लावा आणि या वेळी रात्रभर राहू द्या. पीठ जसं लावलं तसं मोकळं, पांढरं पडायला लागलं की कोरड्या पद्धतीने निघणारं तेल संपलं.

साध्या कागदाच्या वॉलपेपरसाठी काम इथेच थांबतं. फार तर एक पायरी उरते: तपकिरी, मेण नसलेला कागद किंवा टीपकागद डागावर धरून त्यावरून कोमट इस्त्री टेकवायची. इस्त्री नायलॉनच्या खुणेवर, वाफ बंद, टाकी रिकामी. तीन-चार सेकंद टेकवा, उचला, कागद सरकवा. जोडापासून चार बोटं आत राहा. पृष्ठभाग पूर्ण कागदी असेल तरच ही पायरी, व्हिनाइलवर आणि फुगीव नक्षीवर नाही. आणि स्विचबोर्डजवळ असाल तर इस्त्री आधी तापवून घ्या, मग मेन बंद करूनच टेकवा.

ओलं काम: फक्त फेस

व्हिनाइलचा थर असेल आणि कोरड्या कामानंतरही झाक राहिली असेल, तरच इथे यायचं. त्याआधी कॉर्नफ्लॉरचा कणही राहू देऊ नका. पिठावर पाणी पडलं की त्याचीच पातळ खळ होते आणि वाळून पांढरा थर बसतो.

अर्धा लिटर कोमट पाण्यात भांडी घासायचं लिक्विड पाव चमचा घाला. यापेक्षा जास्त नको. जास्त साबणाने डाग लवकर जात नाही, उलट साबण काढायला पाणी जास्त लागतं आणि तेच पाणी आपल्याला टाळायचंय. कपडे धुण्याची पावडर वापरू नका, तिच्यात सोडा असतो आणि तिच्यामुळे पुसलेली जागा उजळ दिसू शकते.

मऊ स्पंजने पाणी फेटून फेस काढा. फेसात साबण भरपूर आणि पाणी थोडं असतं, आणि तो भिंतीवर ओघळत नाही. पांढऱ्या सुती फडक्याचं टोक, जुन्या बनियनचं उत्तम, फक्त फेसात टेकवा. डागाच्या बाहेरच्या कडेपासून मधल्या भागाकडे टिपत जा. मधून बाहेर गेलात तर तेल पसरून डागाभोवती कडं तयार होतं. प्रत्येक टिपण्यानंतर फडक्याची नवी जागा घ्या. फडक्यावर मळकट पिवळा ठसा येत असेल तोवर काम चालू, ठसा येईनासा झाला की थांबा.

पोत तागाच्या विणीसारखा असेल तर तेल खाचांत बसलेलं असतं. तिथे फडकं पोचत नाही म्हणून लोक जोर लावतात, आणि उंच धागे घासले जाऊन चमकतात. त्यापेक्षा मऊ, जुना बेबी टूथब्रश फेसात बुडवून, झटकून, त्याच्या केसांच्या टोकांनी नुसतं टकटक करा. ब्रश फिरवायचा नाही.

मग दुसरं फडकं साध्या पाण्यात भिजवून इतकं घट्ट पिळा की मुठीत दाबल्यावर थेंब पडणार नाही. त्याने साबण टिपून घ्या, फडकं धुवा, पुन्हा टिपा. लगेच कोरड्या फडक्याने दाबून ओल काढा. ही पायरी घाईत उरकली की साबणाची चकाकी राहते.

आता शेवटचं, आणि बहुतेक जण हेच विसरतात. डाग गेला तरी ती जागा आजूबाजूपेक्षा स्वच्छ दिसते, कारण बाकीच्या भिंतीवर दोन-चार वर्षांची धूळ आहे. हा उजळ ठिपका नजरेला चकाकीइतकाच टोचतो. म्हणून घट्ट पिळलेल्या, बिनसाबणाच्या फडक्याने डागाभोवती वीत-दीड वीत भागावर एकदाच, उभ्या दिशेने, हलका हात फिरवा. डागाजवळ थोडा जास्त, बाहेर जाताना अगदी निसटता. नक्षीत एखादी उभी रेघ किंवा पानाची कड असेल तर तिथे संपवा, म्हणजे सीमा कळत नाही.

जोडाजवळ हात कसा चालवायचा

डाग जोडापासून चार बोटांच्या आत असेल तर कामाला लागण्याआधी बोटाचं नख न लावता, बोटाच्या पेराने जोडावरून वर-खाली हात फिरवा. कुठे पोकळ आवाज किंवा कड उचललेली लागली तर ती आधी चिकटवून, पुरती वाळू देऊन, मगच डागाला हात लावा.

कोरड्या सुती कापडाची एक लांब पट्टी घडी घालून जोडावर दुसऱ्या हाताने दाबून धरा. सगळं टिपणं या पट्टीपासून दूर, किंवा तिला समांतर, वर-खाली. जोडाला आडवं कधीच नाही. पट्टी ओलसर लागली तर थांबा, जोड कोरडा करा. डाग जोडावरच असेल तर त्या भागात फेसही वापरू नका, कॉर्नफ्लॉर आणि टिश्यू यांवरच भागवा आणि थोडी झाक राहिली तर राहू द्या. जोडावरची झाक उभ्या रेघेत हरवते, सुटलेली कड मात्र सावली टाकते आणि ती रोज दिसते.

ठाण्यातली एक भिंत

डिसेंबरमधलं एक काम सविस्तर सांगतो. शयनगृहाची भिंत, फिका बदामी, तागाच्या पोताचा मॅट वॉलपेपर, वर व्हिनाइलचा पातळ थर. तळहाताएवढा खोबरेल तेलाचा डाग, त्याची उजवी कड जोडापासून तीन बोटांवर. काकूंनी आधी एका कोपऱ्यात ओल्या वाइपने घासून पाहिलं होतं आणि तिथे नाण्याएवढी जागा चमकत होती.

तिरक्या टॉर्चमध्ये त्या चमकणाऱ्या जागेवर फराटे दिसत होते, म्हणजे काही भाग तरी लोशनचा थर होता. जोड बोटाने तपासला, घट्ट होता. सकाळी खोली गार होती आणि तेल थिजलेलं, टिश्यूला काहीच लागेना. तळहात चोळून गरम करून टिश्यूवर धरला तसे ठिपके उमटायला लागले. ते थांबल्यावर कॉर्नफ्लॉर, वर उशी, तासभर. निघालेलं पीठ पिवळट आणि गोळे झालेलं होतं.

"अहो दादा, थोडा जोर लावा ना, निघेल की पटकन," काकू म्हणाल्या.

"काकू, तुम्ही कोपऱ्यात जोर लावला होता ना, तिथे बघा काय झालंय. तसं सगळीकडे करायचं का?"

दुसरा थर रात्रभर ठेवायला सांगून मी निघालो. दुसऱ्या दिवशी पीठ बरंचसं कोरडं पडलं होतं, डागाचा गडदपणा उतरून फक्त खाचांत झाक उरली होती. जोडावर कापडी पट्टी काकूंनी धरली, मी फेस आणि बेबी ब्रशने खाचा टिपल्या, साध्या पाण्याच्या फडक्याने साबण काढला, कोरडं केलं. पंखा मध्यम वेगावर लावून दुपारपर्यंत वाळू दिलं. ओल असेपर्यंत सगळंच गडद दिसतं, तेव्हा निकाल लावू नये.

वाळल्यावर समोरून डाग दिसत नव्हता. तिरक्या टॉर्चमध्ये तीन-चार खाचांत किंचित छटा होती. वाइपच्या कोपऱ्यातली अर्धी अधिक चकाकी साध्या पाण्याने गेली, कारण ते लोशन होतं. उरलेली नखाएवढी जागा घासली गेलेली होती, ती तशीच राहिली. काकूंना त्या छटेवर आणखी एक हात हवा होता, मी नाही म्हटलं. दारातून न दिसणारी छटा काढायला जाऊन दारातून दिसणारी चमक आणायची नाही.

फोडणीचं तेल

स्वयंपाकघराला लागून असलेल्या भिंतीवर, ओट्याच्या बाजूने, जो चिकट थर बसतो तो वेगळा. सोयाबीन किंवा सूर्यफुलाचं तेल गरम होऊन उडतं, हवेत राहून हळूहळू घट्ट होतं आणि मेणचट थर बनतो. तो टिश्यूत उतरत नाही, कॉर्नफ्लॉरही फारसं काही ओढत नाही. तिथे फेस लावून दोन मिनिटं थांबायचं, मग टिपायचं, आणि हे थोड्या थोड्या जागेवर करत जायचं. थर जुना असेल तर पूर्ण कधीच जात नाही आणि जबरदस्ती केली तर पोत जातो. ओट्याजवळ मॅट वॉलपेपर लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

जोड उचललाच तर

ओल्या अवस्थेत दाबून बसवू नका. ओला कागद ताणलेला असतो, वाळताना आखडतो आणि जोडात फट पडते. आधी पूर्ण वाळू द्या, एक दिवस लागला तरी चालेल. मग वॉलपेपरच्या जोडासाठी मिळणारा गोंद टूथपिक किंवा बारीक ब्रशने कडेच्या मागे, भिंतीच्या बाजूला, अगदी पातळ लावा. साधा फेविकॉल लावणार असाल तर थोडा पाण्याने सैल करा आणि बाहेर येऊ देऊ नका, कारण तो वाळला की पारदर्शक, चमकणारी रेघ राहते आणि नंतर निघत नाही. कड बोटाने आतून बाहेर दाबा. बाहेर आलेला गोंद ओलसर स्पंजने तत्क्षणी टिपा, उभ्या दिशेने. वर कोरडं फडकं ठेवून काही मिनिटं तळहाताने धरा. लावतानाचा कडक रोलर पोत असलेल्या कागदावर फिरवू नका, जोडाच्या दोन्ही बाजूंना चकचकीत पट्टा पडतो.

कागद तेल प्यायला असेल तर

साध्या कागदी वॉलपेपरवर तेल आरपार जाऊन मागच्या पुट्टीतही उतरतं. अशा वेळी कॉर्नफ्लॉरने जागा उजळते आणि काही आठवड्यांत, विशेषतः उन्हाळ्यात, गोल पुन्हा वर येतो. मागचं तेल पुढे झिरपत असतं. एकदा पुन्हा कोरडी फेरी करून पाहा. त्यानंतरही परत आला तर साफसफाईचा विषय संपला, ठिगळ लावायचं.

ठिगळासाठी उरलेल्या रोलमधून नक्षी जुळणारा तुकडा डागापेक्षा चार बोटं मोठा घ्या. कागदी वॉलपेपरचा तुकडा कात्रीने कापू नका. हाताने, कागद स्वतःकडे ओढत असा फाडा की मागचा पांढरा थर आत राहील आणि पुढच्या छपाईची कड पातळ होईल. भिंतीवरच्या डागाला आधी शेलॅकचा, म्हणजे लाखेच्या वार्निशचा, एक हात देऊन वाळू द्या, नाहीतर तेल नव्या तुकड्यातूनही वर येईल. मग पातळ खळ लावून नक्षी जुळवून तुकडा बसवा आणि कडा ओलसर स्पंजने फक्त दाबा. व्हिनाइलवर हा फाडायचा प्रकार चालत नाही, व्हिनाइलवर साधी खळ धरत नाही. तिथे नवा तुकडा जुन्यावर ठेवून दोन्ही थर एकदम धारदार ब्लेडने कापायचे, खालचा डागाळलेला तुकडा काढायचा आणि नवा त्याच खाचेत बसवायचा. हे काम हात बसलेल्या कारागिराकडून करून घ्या.

रोल उरलेला नसेल, तर बाजारातून त्याच नंबरचा नवा आणण्यापूर्वी कपाटामागचा तुकडा पाहा. वापरात असलेल्या भिंतीचा रंग उन्हाने उतरलेला असतो आणि नवा तुकडा डागापेक्षाही उठून दिसतो. कपाटामागचा किंवा पलंगाच्या खालच्या भागातला पट्टा ओलावून काढून वापरला तर तो निदान त्याच वयाचा असतो, आणि त्याच्या जागी नवा लावला तरी तिथे कोणी बघत नाही.